रिकाम्या सोडलेल्या जागेकडे पाहा

प्रश्न: मॅडम, कॅटच्या मॉकमध्ये एक वाक्य देतात आणि ते परिच्छेदातल्या चारपैकी कुठल्या रिकाम्या जागी बसेल ते विचारतात. मी दोन जागा बरोबर उडवतो, पण उरलेल्या दोनांत जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीची निवडतो. परत वाचलं तरी दोन्ही बरोबरच वाटतात. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो, इंग्रजी कच्चं म्हणून असं होतंय का? की हे प्रश्न सरळ सोडून द्यावेत?

उत्तर:

इंग्रजी कच्चं असतं तर त्या दोन जागाही उडवता आल्या नसत्या. मला वाटतं, तू दिलेलं वाक्य आधीच्या वाक्याला लावून पाहतोस, ते जुळलं की मान डोलावतोस आणि पुढच्या जागेकडे जातोस. असं केलं की दोन जागा हमखास उरतात, कारण प्रश्न काढणाऱ्याने चुकीची जागाही आधीच्या वाक्याशी जुळेल अशीच निवडलेली असते.

हा प्रश्न तयार कसा होतो ते आधी लक्षात घे. कुणीतरी आधीच लिहिलेला, नीट जुळलेला परिच्छेद घेतात आणि त्यातलं एक वाक्य काढून घेतात. म्हणजे एका जागी खरंच काहीतरी निघालेलं आहे, तिथे खाच पडलेली आहे. बाकीच्या तीन जागांवर मूळ लेखकाची दोन वाक्यं एकमेकांना चिकटूनच होती, तिथे फक्त रेघ ओढून आकडा टाकलाय. म्हणून दिलेलं वाक्य वाचायच्या आधी परिच्छेद एकदा सलग वाच आणि वाचताना कुठे अडखळायला होतं ते पाहा. माझी बहुतेक मुलं उलटं करतात. आधी दिलेलं वाक्य पाठ करतात आणि मग ते हातात घेऊन जागा शोधत फिरतात. तसं फिरलं की ते वाक्य सगळीकडेच थोडंथोडं बसतं.

वर्गात मी एक परिच्छेद देते, तोच इथे घेते. परीक्षेत तो इंग्रजीत असतो, पण वाक्यांचे सांधे मराठीतही तसेच दिसतात.

"एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधलं प्रत्येक गाव आपल्या डोक्यावर सूर्य आला की दुपारचे बारा धरत असे. (१) ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला आहे, तिथे सूर्य सुमारे दहा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो आणि तिथली घड्याळं तेवढीच मागे असत. (२) घोडागाडीने जाणारा प्रवासी दिवसभर रस्त्यात असे, त्याला दहा मिनिटं इकडेतिकडे झालेली कळतही नसत. (३) १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लागू केली. (४) ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंजवरच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे आले, एक गावच्या वेळेचा आणि एक लंडनच्या."

दिलेलं वाक्य: "छापील वेळापत्रकाला मात्र ही ढिलाई चालणारी नव्हती."

थोडा वेळ दिलेलं वाक्य विसर आणि नुसते सांधे तपास. पहिल्या जागी आधी नियम सांगितलाय आणि लगेच त्याचं उदाहरण आलंय, सांधा घट्ट आहे. दुसऱ्या जागी दोन्ही बाजूंना तीच दहा मिनिटं आहेत. एका वाक्याने फरक सांगितला, दुसऱ्याने तो फरक कुणाला टोचत नव्हता हे सांगितलं. इथेही हात घालायचं कारण दिसत नाही. चौथ्या जागी लंडनची वेळ दोन्ही बाजूंना आहे. कंपनीने ती आणली आणि गावाने आपल्या घड्याळावर तिला जागा दिली. मध्ये आणखी काही असू शकलं असतं, पण नसलं तरी वाचताना अडत नाही.

तिसऱ्या जागी अडतं. आत्ताच सांगितलं की प्रवाशाला फरक कळत नसे, आणि पुढच्याच वाक्यात एक कंपनी सगळ्या स्थानकांची वेळ बदलते. कुणालाच त्रास नव्हता तर तिने बदलली कशासाठी? हे "कशासाठी" परिच्छेदात कुठेच नाही. खाच इथे आहे.

आता दिलेलं वाक्य हातात घे. "ही ढिलाई" म्हणजे कुठली? दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालणं, ही. "मात्र" कशाच्या विरुद्ध? घोडागाडीच्या प्रवाशाला चालत होतं, छापील वेळापत्रकाला चालत नव्हतं. आणि पुढे लगेच कंपनीचा निर्णय. मागचं आणि पुढचं दोन्ही जुळलं, उत्तर तिसरी जागा.

इतकं सरळ असूनही वर्गात चौथ्या जागेसाठी बरेच हात वर होतात. वेळापत्रक म्हटलं की रेल्वे आठवते, आणि रेल्वे हा शब्द चौथ्या जागेच्या अगदी आधी आहे. शिवाय तिथे वाक्य लावून वाचलं तर ते कानाला खटकत नाही. "कंपनीने लंडनची वेळ लागू केली. छापील वेळापत्रकाला मात्र ही ढिलाई चालणारी नव्हती." घाईत वाचणाऱ्याला हे निर्णयाचं कारण मागाहून सांगितल्यासारखं वाटतं. नीट पाहिलं तर "ही ढिलाई" लोंबकळते, कारण आधीच्या वाक्यात ढिलाई संपवल्याची गोष्ट आहे, आणि "मात्र"ला विरोध करायला समोर कुणी नाही. पण चाळीस मिनिटांच्या घाईत प्रत्येक शब्द इतका ताणून पाहणं जमत नाही, हे मीही मानते.

म्हणून दोन जागा उरल्या की बसवलेल्या जागेकडे पाहू नकोस, रिकाम्या सोडलेल्या जागेकडे पाहा. वाक्य चौथ्या जागी ठेवलं तर तिसरी मोकळी राहते, तर तिसरी जागा ओलांडून सलग वाच. प्रवाशाला कळत नसे, १८४० मध्ये कंपनीने वेळ बदलली. खाच तशीच आहे. आता उलट कर. वाक्य तिसऱ्या जागी ठेव आणि चौथी मोकळी सोडून वाच. कंपनीने लंडनची वेळ आणली, ब्रिस्टलच्या घड्याळाला दोन काटे आले. काही अडत नाही. बरोबर जागा भरली की बाकीच्या तिन्ही जागा आपोआप मिटतात. चुकीची भरली तर खरी खाच उघडी पडून राहते. तुला "दोन्ही बरोबर वाटतात" याचं कारण हेच, की दोन्ही वेळा तू वाक्य बसवलेली जागा वाचतोस. ती तर प्रश्न काढणाऱ्याने मुद्दाम गुळगुळीत करून ठेवली आहे. सोडलेली जागा गुळगुळीत करणं त्याच्या हातात नसतं.

मराठी माध्यमाचं म्हणालास, तिथे खरंच एक गोष्ट आहे, पण ती शब्दसंग्रहाची नाही. आपल्या भाषेत इंग्रजीसारखे "अ" आणि "द" नाहीत. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती, वाचन उत्तम, उताऱ्यांवरचे प्रश्न झपाझप सोडवायची, आणि नेमक्या याच प्रश्नात अडायची. शेवटी मी तिला मोठ्याने विचार करायला लावलं. ती प्रत्येक वाक्य मनात मराठीत करून घेत होती आणि मग जुळवत होती. मराठीत करताना "अ टाइमटेबल" आणि "द टाइमटेबल" दोन्हींचं "वेळापत्रक" होत होतं, आणि अर्धा पुरावा तिथेच गळून जात होता. इंग्रजी लेखक एखादी गोष्ट पहिल्यांदा आणतो तेव्हा साधारणपणे "अ" लावतो, तिची ओळख झाल्यावर "द" लावतो. दिलेल्या वाक्यात "द कमिटी" असेल तर समिती आधी कुठेतरी येऊन गेलेली असायला हवी. परिच्छेदात "द कमिटी" असेल आणि त्याआधी समितीचं नावही नसेल, तर तिची ओळख करून देणारं वाक्य तुझ्या हातात आहे. सूर्य, सरकार, इंटरनेट अशा सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींना पहिल्यापासूनच "द" लागतो, तिथे हा पुरावा धरू नकोस. ती मुलगी महिनाभर फक्त एवढंच करत होती, प्रत्येक "द" भोवती पेन्सिलने गोल आणि तिथून मागे, जिथे ती गोष्ट पहिल्यांदा आली तिथवर, एक बाण. बाणाला मागे टेकायला जागा मिळाली नाही की ती थांबायची.

दुसरी गोष्ट सर्वनामांची. मराठीत "ही" म्हटलं की ढिलाई, सवय, वेळ यांतलंच काहीतरी असणार हे लिंगावरून कळतं. इंग्रजीतलं "इट" किंवा "धिस" असलं काही सांगत नाही, म्हणून मराठीत विचार करणारा माणूस ते नकळत सर्वांत जवळच्या नामाला जोडून टाकतो. ते नेहमीच जवळचं नसतं, आणि कित्येकदा ते नामच नसतं, आधीचं अख्खं वाक्य असतं. "धिस" च्या पुढे नाम आलं असेल तर तुझं काम सोपं होतं, कारण ते नाम म्हणजे मागच्या मजकुराला लेखकाने दिलेलं नाव असतं. "धिस लॅक्सिटी", "धिस पॅराडॉक्स", "सच फिअर्स". मागच्या वाक्यात ढिलाई, विसंगती किंवा भीती अशा नावाने ओळखता येईल असं काही आहे का, एवढंच विचार. मागच्या वाक्यात एकच भीती असेल आणि दिलेल्या वाक्यात "सच फिअर्स" असं अनेकवचन असेल, तर तेही तपास. लेखक वचन उगाच बदलत नाही.

"हाउएव्हर", "मोरओव्हर", "देअरफोर" यांच्यावर मात्र मुलं गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवतात. "हाउएव्हर" फक्त विरोध आहे एवढंच सांगतो. चांगल्या परिच्छेदात विरोध दोन-तीन ठिकाणी असतोच, त्यामुळे नुसता तो शब्द पाहून जागा ठरत नाही. त्याहून भरवशाचे शब्द साधे असतात आणि डोळ्यांतून निसटतात. स्टिल, अगेन, अनदर, इव्हन, ओल्ड. समजा वरच्या परिच्छेदात वेळापत्रकाचं वाक्य जागेवर आहे आणि प्रश्नात दुसरंच वाक्य दिलंय: "गावातल्या लोकांनी जुनी वेळ लगेच सोडली नाही." इथे "जुनी" हा शब्द एकटाच उत्तर देतो. नवी वेळ आल्याशिवाय कुठलीच वेळ जुनी होत नाही, आणि नवी वेळ येते कंपनीच्या निर्णयात. म्हणजे हे वाक्य त्याच्या नंतरच, चौथ्या जागी. पुढे दोन काट्यांचं घड्याळ येतं तेही आता जास्त पटतं, कारण दोन वेळा एकाच वेळी का पाळल्या जात होत्या ते कळलं.

शेवटची रिकामी जागा परिच्छेदाच्या अगदी टोकाला असेल तर जरा सांभाळून. तिला पुढची बाजूच नसते, त्यामुळे तिथे वाक्य चुकल्याचं सांगणारं पुढे कुणी नसतं. समारोपासारखं वाटणारं कुठलंही वाक्य मुलं तिथे टाकतात. तिथे टाकण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, ते वाक्य परिच्छेदात न आलेली नवी गोष्ट उघडत तर नाही ना? उघडत असेल तर त्या गोष्टीचं पुढे काहीतरी व्हायला हवं, म्हणजे ते शेवटचं नाही. दोन, ते वाक्य नाही असं धरून परिच्छेद वाचला तर तो अर्धवट तुटलेला वाटतो का? वाटत नसेल आणि आतल्या एखाद्या जागी खाच दिसत असेल, तर आतली जागा निवड. पहिली जागा परिच्छेदाच्या सुरुवातीला असेल तेव्हा हेच उलट बाजूने चालतं. दिलेल्या वाक्यात मागे बोट दाखवणारा एकही शब्द असेल तर ती जागा गेली.

ही पद्धत कुठे कमी पडते तेही सांगते. काही परिच्छेद मुळातच सैल असतात, विशेषतः एका विधानाखाली तीन-चार समान वजनाची उदाहरणं मांडलेले. त्यात एक उदाहरण काढलं तरी खाच पडत नाही, आणि दिलेलं वाक्य दोन ठिकाणी खरंच बसतं. तिथे क्रमाचे पुरावे शोध. माणसाचं पूर्ण नाव आधी येतं, नुसतं आडनाव नंतर. संस्थेचं लांब नाव आधी, आद्याक्षरं नंतर. संज्ञेचा अर्थ आधी सांगतात, तिचा वापर नंतर करतात. जुनं साल सहसा आधी, पण लेखक मागे वळून सांगत असेल तर नाही. एवढं पाहूनही ठरलं नाही तर तिथे आणखी एक मिनिटही घालवू नकोस.

आता सोडून द्यावेत का, याचा हिशोब कर. कॅटमधला हा प्रश्न पर्यायांचा असतो, बरोबर आल्यास तीन गुण, चुकल्यास एक वजा. चारही जागा सारख्याच वाटत असतील आणि डोळे मिटून उत्तर दिलं, तर चार वेळांत एकदा तीन मिळतात आणि तीनदा एकेक जातो, हातात शून्य. दोन जागा खात्रीने उडवल्या असतील तर दोन वेळांत एकदा तीन मिळतात आणि एकदा एक जातो, म्हणजे दर प्रश्नामागे सरासरी एक गुण पदरात. तू दोन जागा बरोबर उडवतोस असं म्हणतोस, मग सोडायचं कारण नाही. पण तू त्या दोनांतही जवळजवळ दर वेळी चुकतोस. नुसता कौल लावला असता तरी निम्मे बरोबर आले असते. सतत चुकतंय याचा अर्थ तुझी निवड कुठल्यातरी ठरावीक गोष्टीकडे ओढली जातेय, आणि ती कुठली हे शोधता येतं.

ते शोधायला जुन्या मॉकमधले या प्रकारचे पंधरा-वीस चुकलेले प्रश्न काढ. वहीत प्रत्येकापुढे तू निवडलेली जागा आणि बरोबर जागा लिही, आणि तुझी जागा बरोबर जागेच्या आधी आहे की नंतर याची खूण कर. माझ्या मुलांच्या वह्यांत खुणा सहसा एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात. सतत नंतरची जागा निवडत असशील तर तू विषयाच्या शब्दामागे जातोस. वेळापत्रक दिसलं की रेल्वे शोधायची, रेल्वे सापडली की तिच्या पाठीमागे वाक्य लावायचं. अशा वेळी दिलेल्या वाक्यातले मोठे शब्द मनातल्या मनात झाकून टाक आणि फक्त धिस, इट, सच, द, स्टिल यांच्यावरून जागा शोध. सतत आधीची जागा निवडत असशील तर मागे बोट दाखवणारे शब्द तुझ्या नजरेतून सुटतायत, वाक्य कशाचा तरी संदर्भ घेतंय आणि तू तो संदर्भ येण्याआधीच ते ठेवतोस. त्याला ती पेन्सिलची गोलं आणि बाण हाच उपाय. सरावापुरता वेग कमी झाला तरी चालेल.

सरावासाठी छापील प्रश्नसंच संपले की इंग्रजी वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाचा सहा-सात वाक्यांचा परिच्छेद घे, त्यातलं मधलं एक वाक्य कापून वेगळ्या कागदावर चिकटव आणि तो कागद मित्राला दे, त्याचा तू घे. स्वतःच कापलेलं स्वतः सोडवू नकोस, जागा लक्षात राहते. कापताना तुला एक गोष्ट लगेच कळेल. काही वाक्यं काढली तर परिच्छेदाला काहीच होत नाही, आणि ती प्रश्नासाठी निरुपयोगी असतात. जे काढल्यावर पुढचं वाक्य लंगडायला लागतं, तेच वाक्य प्रश्नात येतं. असे दहा-बारा परिच्छेद कापून झाले की मॉकमधल्या परिच्छेदात खाच कुठे पडलीय ते दिलेलं वाक्य वाचायच्या आधीच दिसायला लागेल. पहिल्या आठवड्यात एका प्रश्नाला चार-पाच मिनिटं लागली तर घाबरू नकोस. दोन मिनिटांवर आल्याशिवाय घड्याळ लावू नकोस. आणि त्या वहीतल्या खुणा कुठल्या बाजूला पडल्या ते मला कळव, पुढचं त्यावरून सांगेन.